बटर-साखर फेसताना काय होतं आणि केकची जाळी तिथेच कशी ठरते

प्रश्न: "जानेवारीत याच रेसिपीने साधा बटर केक एकदम मस्त झाला होता. २०० ग्रॅम बटर, २०० साखर, २०० मैदा, ४ अंडी, १ चमचा बेकिंग पावडर. आता मे मध्ये तेच सगळं करून खाली दाट ओलसर पट्टा आणि वर मोठी मोठी भोकं. बटर सांगतात तसं रूम टेंपरेचरला आणूनच साखरेबरोबर १० मिनिटं बीट करते. बेकिंग पावडर दीड चमचा केली तर उलट मध्ये बसला. काय चुकतंय? (डोंबिवली)"

उत्तर:

नमस्कार. रेसिपी बदलू नका, ती चांगली आहे. ते "रूम टेंपरेचर" तेवढं मनातून काढून टाका. हा शब्द ज्या थंड देशांच्या पुस्तकांतून आलाय तिथली खोली साधारण २० डिग्रीची असते. डोंबिवलीतलं मे महिन्यातलं किचन दुपारी ३२-३३ असतं, आणि शेजारी ओटीजी तापत असेल तर त्याहून जास्त. जानेवारीत सकाळी तेच किचन २३-२४ ला असतं म्हणून तेव्हा केक झाला. त्यामुळे रेसिपी तीच राहिली तरी बटर ते नव्हतं.

मी दादरला घरून केकच्या ऑर्डरी करते, १७ वर्षं झाली, आणि त्यातले जवळजवळ निम्मे केक आयसिंग नसलेले साधे असतात, चहाबरोबर खायचे. क्रीम लावलेल्या केकमध्ये आतलं थोडं बरंवाईट झाकलं जातं. साध्या बटर केकमध्ये सुरी फिरवली की सगळं समोर येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण हे एकदा आतून कळलं की रेसिपी कुठलीही असो, तुम्हाला स्वतःलाच अंदाज येतो.

आधी मूळ गोष्ट. बेकिंग पावडर केकमध्ये नवीन बुडबुडे बनवत नाही. ती गॅस सोडते, आणि तो गॅस आधीच तयार असलेल्या बुडबुड्यांत जाऊन त्यांना फुगवतो. ते बुडबुडे मुख्यतः कुठे तयार होतात, तर बटर आणि साखर फेसताना. साखरेचा प्रत्येक दाणा कोपऱ्या-कोपऱ्यांचा असतो, बीटरने तो बटरमधून ओढला गेला की मागे हवेची बारीकशी जागा सोडून जातो. असे लाखो दाणे फिरले की बटरमध्ये लाखो बारीक बुडबुडे अडकतात. ओव्हनमध्ये गेल्यावर पावडरचा गॅस आणि पाण्याची वाफ या बुडबुड्यांत भरते, ते मोठे होतात, तेवढ्यात अंडं आणि मैदा शिजून घट्ट होतो आणि बुडबुड्यांच्या जागी जाळी राहते. म्हणजे जाळी किती बारीक आणि किती सारखी होणार हे बाऊलमध्येच ठरलेलं असतं.

आता तुमच्या दीड चमच्याचं बघा. बुडबुडे मुळातच कमी होते, त्यात गॅस वाढवला. तो गॅस त्याच थोड्याशा बुडबुड्यांत शिरला, एकेक बुडबुडा भलता मोठा झाला, दोन बुडबुड्यांमधली भिंत पातळ झाली आणि केक शिजून घट्ट होण्याआधीच फुटली. म्हणून वर मोठी भोकं आणि मध्ये खड्डा. पावडर परत १ चमच्यावर आणा. आमच्याकडे सगळे केक बसला की पहिला हात पावडरच्या डब्याकडे नेतात, मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं तेच करत होते.

बरं, मग बटर गरम असलं की हवा का अडकत नाही? बटर वरून एकसारखं दिसतं पण आत त्यातली काही चरबी बारीक घट्ट कणांच्या रूपात असते आणि बाकीची मऊ, तेलासारखी. १८ ते २१ डिग्रीच्या आसपास या दोन्हींचं प्रमाण असं असतं की बटर वाकतं, पसरतं, पण ओघळत नाही. ते घट्ट कण बुडबुड्याभोवती गोळा होतात आणि त्याला धरून ठेवतात. २६-२७ च्या पुढे गेलं की बरेचसे कण वितळलेले असतात, बुडबुडा धरायला कोणी उरत नाही, बीटर हवा आत घालतो आणि ती तशीच निघून जाते. अगदी फ्रिजमधलं कडक बटर घेतलं तरी उपयोग नाही, साखर त्यातून फिरतच नाही, नुसते खडे होऊन बीटरला चिकटतात.

घरी ताक घुसळलं असेल तर हे तुम्हाला वेगळ्या रूपात माहितीये. उन्हाळ्यात लोणी गोळा होत नाही, पातळ पातळ राहतं, म्हणून आपण बर्फाचं पाणी घालतो. तिथेही कारण तेच, चरबी थोडी घट्ट असल्याशिवाय ती हवं ते काम करत नाही.

आणि अजून एक, खूप जणी हे करतात म्हणून सांगते. बटर चुकून वितळलं तर परत फ्रिजमध्ये घट्ट करून वापरायचं. तसं करू नका. तूप कढवून हळूहळू थंड होऊ दिलं की रवाळ होतं ना, तसंच हेही. वितळलेली चरबी सावकाश गोठली की तिचे कण मोठे मोठे होतात, आणि बटरमधलं पाणी आधीच वेगळं झालेलं असतं. दिसायला घट्ट, पण फेसायला घ्या, हवा धरणार नाही. नुसतं मऊ पडलेलं बटर सावरता येतं, तेल झालेलं नाही. ते चपातीला लावा, केकसाठी दुसरं काढा.

माझी स्वतःची अक्कल एका ऑर्डरने आली. मे महिना होता, एका पन्नासाव्या वाढदिवसाला सहा लोफ टिनमधले साधे बटर केक द्यायचे होते. बटर ओट्यावर काढून ठेवलं, शेजारच्या शेगडीवर डाळीचा कुकर लावला आणि विसरले. तासाभराने बटर बोटाने दाबलं तर बोट खालपर्यंत गेलं, मला वाटलं वा, छान मऊ झालं. सहाच्या सहा केक खाली रव्याच्या शिऱ्यासारखे चिकट निघाले. रात्री परत केले, बेडरूममध्ये एसी लावून, बीटर आणि बाऊल तिकडे नेऊन, आणि ते नीट झाले. तेव्हा मला वाटलं एसीचा काहीतरी योगायोग असेल. पुढच्या आठवड्यात मुद्दाम दोन घाणे केले, तोच हिशोब तुम्हाला सांगते, तुमचं मापही तेच आहे.

दोन्हीत २००-२०० ग्रॅमच घेतलं, साखर एकाच बरणीतली, दोन्ही ६ मिनिटं मध्यम स्पीडला. एकात बटर १९ डिग्रीला सुरू केलं, दुसऱ्यात २७ ला. फेसून झाल्यावर एका छोट्या स्टीलच्या वाटीत दोन्ही मिश्रणं काठोकाठ भरून वजन केलं. त्या वाटीत पाणी बरोबर १०० ग्रॅम मावतं. न फेसलेलं, नुसतं चमच्याने कालवलेलं बटर-साखर त्यात ११५ च्या आसपास भरतं. १९ वालं ८२ ग्रॅम भरलं, २७ वालं १०१. म्हणजे एकाच वाटीत, एकाच वेळात, पहिल्यामध्ये बरीच जास्त हवा आणि दुसऱ्यात जेमतेम. बेक झाल्यावर पहिला केक उंच, कापला तर जाळी मोहरीपेक्षाही बारीक आणि वरपासून खालपर्यंत सारखी. दुसरा बोटभर बुटका, खाली अर्ध्या इंचाचा तेलकट चकचकीत पट्टा आणि वरच्या भागात वाटाण्याएवढी भोकं. तुमच्या वर्णनासारखाच. तो पट्टा येतो कारण बॅटर पातळ असतं, होते ते थोडे बुडबुडे वर सरकतात आणि जड भाग तळाशी बसतो.

वाटीची ही युक्ती तुम्हीही करा, घरात वजनकाटा आहेच. आकडा माझ्याइतकाच यायला पाहिजे असं नाही, साखर आणि बीटरप्रमाणे थोडा इकडेतिकडे होईल. पण तुमच्या चांगल्या केकच्या वेळी काय आला तो लिहून ठेवा, पुढच्या वेळी ओव्हनमध्ये घालायच्या आधीच कळेल काय होणार ते.

आता मुंबईत मे मध्ये हे जमवायचं कसं. मी बटर फ्रिजमधून काढते, लगेच बोटाच्या पेराएवढे तुकडे करते आणि स्टीलच्या ताटात सुटे पसरते. मे मध्ये साधारण १० ते १२ मिनिटं पुरतात, जानेवारीत अर्धा तास लागतो. अख्खी वडी ठेवू नका, बाहेरून लोण्यासारखी आणि आतून कडक राहते. बाऊल आणि बीटरचे दांडे १५ मिनिटं फ्रिजमध्ये. किचन थर्मामीटर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, तो घेतलात तर अंदाजाची गरजच नाही, पण नसेल तर बोटाने दाबून बघा. बोटाचा खड्डा पडला पाहिजे पण बटरने थोडा विरोध केला पाहिजे, आणि बोटाला चकाकी लागता कामा नये. बोट तेलकट चमकलं तर उशीर झाला. हाताला बटर गार लागलं पाहिजे, मऊ पण गार. हे सगळ्यात महत्त्वाचं.

सुरुवात १८-१९ ला करायची, २१ ला नाही, कारण फेसताना घर्षणाने आणि किचनच्या हवेने ते दोन-तीन डिग्री चढतंच. हँड बीटर असेल तर दर दोन मिनिटांनी थांबून बाऊलच्या कडा खरवडा आणि बाऊल बाहेरून हाताला कसा लागतोय बघा. कोमट वाटला की परातीत गार पाणी आणि चार बर्फाचे खडे घालून त्यात बाऊल एक मिनिट ठेवा, पण ढवळत राहा, नाहीतर कडेचं गोठतं. शक्य असेल तर सकाळी ६-७ ला करून मोकळं व्हा, मी उन्हाळ्यात साध्या केकच्या ऑर्डरी दुपारी फेसतच नाही.

किती वेळ फेसायचं याचं एक उत्तर नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगते. बीटर किती ताकदीचा, बाऊल किती रुंद, माप किती, यावर सगळं अवलंबून. साध्या हँड बीटरवर २०० ग्रॅमला मला ५ ते ७ मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा बाऊलमध्ये बघा. आधी मिश्रण पिवळं आणि ओल्या वाळूसारखं असतं, मग एकत्र येतं, मग रंग फिका होत होत मलईसारखा पांढुरका होतो, आणि बीटरच्या मागे रेघा उमटतात त्या तशाच उभ्या राहतात. बीटरचा आवाजही बदलतो, सुरुवातीला साखरेची खरखर ऐकू येते ती हळूहळू बसते. चिमटीत घेऊन चोळलं तर दाणे लागतील, ते लागायचेच, बटरमध्ये पाणी एवढं कमी असतं की साखर सगळी विरघळू शकत नाही. दाणे जाईपर्यंत फेसायचं असं जे सांगतात ते ऐकू नका, त्या नादातच बटर तापतं.

आपल्या आज्या नानकटाईसाठी तूप आणि पिठीसाखर परातीत तळव्याने फेसायच्या ना, पांढरं होईपर्यंत, खूण तीच आहे. फरक एवढा की नानकटाईला खुसखुशीतपणा हवा असतो, उंची नको असते, म्हणून तिथे पिठीसाखर आणि हाताची ऊब चालून जाते. केकला चालत नाही.

तुमची १० मिनिटं जास्त आहेत का? गार बटरवर, अधेमधे थंड करत, १० मिनिटांनी फार बिघडत नाही. पण मे मध्ये न थांबता १० मिनिटं म्हणजे शेवटी बटर नक्कीच २८-३० ला गेलं असणार. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत जी काही हवा आत गेली तीही पुढच्या पाचात निघून गेली. मिश्रण आधी फुगून मग परत चमकायला आणि खाली बसायला लागलं तर समजा की ती वेळ टळून गेली. तेव्हा लगेच थांबा, बाऊल १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडा खरवडून परत एखाद मिनिट फेसा. नुसतं मऊ पडलं असेल तर परत पांढुरकं होतं. आणि थंड ठेवूनही अगदी अति, पंधरा-वीस मिनिटं फेसलं तर केक हलका होतो पण त्याला दम राहत नाही, ओव्हनमध्ये खूप वर येतो, मग मध्ये खचतो आणि कापताना चुरा होतो. स्पंजसारखं हलकं हवं असेल तर वेगळा केक करावा, बटर केकची मजा त्याच्या बारीक, जरा घट्ट, जिभेवर विरघळणाऱ्या जाळीत आहे असं माझं मत आहे.

साखरेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण वाण्याकडची नेहमीची साखर असेल तर तिचा दाणा या कामाला मोठा पडतो. मोठा दाणा म्हणजे तेवढ्याच वजनात दाणे कमी, कोपरे कमी, बुडबुडे कमी, आणि फेसायला वेळ जास्त, म्हणजे बटर तापायला वेळ जास्त. केकच्या वरच्या सालावर तपकिरी ठिपके दिसतात तेही याचेच. उलट मिक्सरमध्ये अगदी पिठी केली तर दाण्याला कोपरेच राहत नाहीत, बटरबरोबर नुसती पेस्ट होते आणि केक बुटका, घट्ट होतो. मी साखर कोरड्या भांड्यात तीन-चार वेळा फक्त टचकन फिरवते, एका वेळी एक सेकंद, बारीक रव्याएवढी होईपर्यंत, मग पिठाच्या चाळणीतून चाळते. खाली पडलेली पिठी चहाला, वर राहिलेली केकला. २०० ग्रॅम हवी असेल तर २५० घ्या. मिक्सरमध्ये ती गरम होते, म्हणून आदल्या दिवशी करून डब्यात भरून ठेवा. गरम साखर बटरमध्ये घातली तर वरची सगळी मेहनत वाया.

एवढं करून अंड्यांनी घात होऊ शकतो. इथेही पुस्तकात "अंडी रूम टेंपरेचरला" असतं. फ्रिजमधली सरळ घातली तर बटर आखडतं, मिश्रण दह्यासारखं फुटतं आणि पाणी सुटतं. मे मध्ये ओट्यावर दोन तास ठेवलेली घातली तर ३२ डिग्रीची अंडी बटर वितळवतात. मी फ्रिजमधून काढून १०-१५ मिनिटांत वापरते, हाताला गार लागतात पण बर्फासारखी नाही. फोडून हलकी फेटायची आणि दोन-दोन चमचे घालत जायचं, प्रत्येक वेळी मिश्रण परत गुळगुळीत झालं की पुढचे दोन चमचे. चौथ्या अंड्यापर्यंत थोडं फुटल्यासारखं दिसू शकतं, कारण या मापात अंड्यातलं पाणी बटरला झेपेल त्याच्या काठावर असतं. तेव्हा मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घाला, सावरतं. थोडं फुटलं तर केक वाया जात नाही, जाळी जराशी खरखरीत होते इतकंच.

एक गोष्ट मात्र फोटो नसल्यामुळे मला नक्की सांगता येत नाही. तुमची भोकं गोल आहेत की लांबट? गोल, वेडीवाकडी, वरच्या भागात असतील तर ती वर सांगितलेली, फेसण्याची. पण खालून वर गेलेली, बोगद्यासारखी उभी भोकं असतील तर मैदा घातल्यावर बीटर चालवलाय. मैदा स्पॅच्युलाने, पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंतच मिसळायचा, बीटर तिथे नको. आणि खालचा पट्टा चकचकीत न दिसता नुसता कच्चा, पिठूळ असेल तर ओटीजीचा खालचा रॉड नीट तापत नाहीये, ती फेसण्याची चूक नाही.

म्हणून पुढचा केक असा करा. रविवारी सकाळी साडेसहाला, साखर आदल्या रात्रीची, बटरचे तुकडे १० मिनिटं बाहेर, पावडर १ चमचा, दोन मिनिटांनी थांबत एकूण सहा मिनिटं. बाकी काहीही बदलू नका, टिनसुद्धा तोच. केक पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे निदान तीन तासांनी, दातेरी सुरीने मधोमध कापा आणि कापलेल्या बाजूचा फोटो खिडकीच्या उजेडात काढून इथे टाका, वरून काढलेल्या फोटोतून काही कळत नाही. वाटीचं वजन पण लिहा.